नवरीच्या मेकअप पॅकेजचं कॅप्शन : कामाच्या नोंदी

२ डिसेंबर, दारव्हा

तुळशीचं लग्न झालं आणि फोन सुरू झाले. रोज तेच प्रश्न. "ताई, नवरीचे किती?" मी आकडा सांगते. मग "त्यात साडी नेसवता का?", "गावात येता का?", "बहिणीचं त्यातच होईल ना?" एकेका फोनला पंधरा मिनिटं जातात आणि बहुतेक जणी "घरी विचारून सांगते" म्हणून ठेवतात. चूक त्यांची नाही. इन्स्टाग्रामवरच्या माझ्या पोस्टखाली आजवर एवढंच लिहिलेलं आहे: "तुमच्या आयुष्यातला सर्वात सुंदर दिवस, आमच्या हातांनी. पॅकेजसाठी संपर्क करा." यातून कोणाला काय कळणार?

मागच्या हंगामाची वही काढून बसले. उन्हाळ्यात ४ लग्नांत पैशावरून बोलाचाली झाली. चारही ठिकाणी मी काम नीट केलं होतं आणि समोरची माणसंही वाईट नव्हती. काय ठरलं होतं हे दोघांच्या डोक्यात वेगवेगळं होतं, इतकंच. म्हणून यंदा कॅप्शन नव्याने लिहायचं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कोणत्या कामातून आलं ते इथे लिहून ठेवायचं. मदतीला असलेली पोरगी पुढच्या वर्षी स्वतः कामं घेणार आहे, तिलाही ही वही लागेल.

४ डिसेंबर

आज दर. मागच्या वर्षी लग्नाच्या मेकअपचे ७,००० घेत होते. तो आकडा गावातल्या बाकीच्या पार्लरांकडे पाहून ठरवला होता, हिशेब करून नव्हे. आज एका लग्नाचा खर्च पहिल्यांदाच नीट मांडला.

एका नवरीला साधारण ७५० चा मेकअपचा माल लागतो. फाउंडेशन दिसायला थेंबभर लागतं, पण प्रायमर, कन्सीलर, पावडर, सेटिंग स्प्रे सगळं धरलं की तेवढं होतंच. केसांच्या पिना, बन आणि हेअर स्प्रेचे २००. पापण्या आणि त्यांचा गोंद १५०. स्पंज, वाइप्स, कापूस असं एकदा वापरून फेकायचं १००. म्हणजे १,२०० चा माल. मदतनीस पोरीचे दिवसाचे ८००. बाहेरगावी जायचं तर पहाटे एसटी नसते आणि दोन पेट्या घेऊन दुचाकीवर जाता येत नाही, त्यामुळे गाडी करावी लागते, ती तीसएक किलोमीटरवरच्या गावाला जाऊन येऊन १,२०० घेते. बेरीज ३,२००. सात हजारांतून हे वजा केलं की ३,८०० उरतात, आणि त्यातच ट्रायल मी फुकट करत होते. एका ट्रायलला अडीच तास आणि साडेतीनशेचा माल जातो. मागच्या हंगामात ३ मुलींनी फुकट ट्रायल करून काम दुसरीकडे दिलं, तो खर्च शेवटी ज्यांनी मला काम दिलं त्यांच्याच पैशातून निघाला.

लग्नाचे ९,००० ठरवले. हळद धरून १२,५००. साक्षगंधाचे वेगळे ५,०००.

प्रवासाचा प्रश्न उरला. किलोमीटरमागे एवढे असं लिहिलं की लोक बिचकतात, शेवटी किती होतील ते कळत नाही म्हणून. दारव्ह्यापासून २० किलोमीटरपर्यंत दरातच धरलं, त्यापुढे ४० पर्यंत सरळ ५०० जास्त. लांबच्या गावाला माझे थोडे पैसे जातात, पण आकडा एकच राहतो आणि सोयरिकीच्या बैठकीतही तोंडी सांगता येतो.

५ डिसेंबर

बहिणी-मावश्यांच्या मेकअपचं आज ठरलं. १,५०० प्रत्येकी, जास्तीत जास्त ३ जणी. तीनच का, हे कॅप्शनमध्ये लिहिणार नाही, पण कोणी विचारलं तर वेळ मोजून दाखवीन. एकीला ४५ मिनिटं लागतात. पाच जणी झाल्या तर पावणेचार तास त्यांनाच जातात आणि पहिलीला पहाटे साडेतीनला खुर्चीवर बसावं लागतं. मागच्या मे महिन्यात एका घरी असंच झालं. ऐन वेळी दोन आत्या वाढल्या, नवरीचा नंबर शेवटी लागला, आणि जिच्यासाठी मी गेले होते तिचे केस घाईत झाले. ते फोटो मी आजवर कुठे लावलेले नाहीत.

९ डिसेंबर

आजची ट्रायल सविस्तर लिहिते, कारण कॅप्शनमधला ट्रायलचा भाग सगळा यातूनच लिहायचा आहे.

मुलगी बत्तीस किलोमीटरवरच्या गावची, लग्न २० फेब्रुवारीला, मुहूर्त सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांचा. सोबत आई आली होती. बसल्या बसल्या आईचं पहिलं वाक्य: "ताई, माया पोरीले गोरी दिसू द्या बापा, पोराकडचे सारे गोरे हायेत." मुलगी खाली पाहत होती. तिचा रंग सावळा, चेहरा फार रेखीव. मी आईला म्हटलं, काकू, आधी पोरीला खिडकीशी बसू द्या, मग सांगते.

तोंड धुवून तिला खिडकीच्या उजेडात बसवलं तेव्हा खरी गोष्ट दिसली. गालांवर लाली, बारीक पुटकुळ्या, कातडी ताणल्यासारखी पातळ. विचारल्यावर कळलं, चार महिन्यांपासून मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी ट्यूब रोज रात्री लावते. असल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चेहरा सुरुवातीला उजळ दिसतो, मग कातडी नाजूक होते, उन्हात जळजळते. आणि एकदम बंद केली तर उलट जास्त भडकते, म्हणून "आजपासून बंद कर" असं मी सांगत नाही. यवतमाळला कातडीच्या डॉक्टरला दाखवून घे, ट्यूब सोबत ने, असं सांगितलं. लग्नाला सव्वादोन महिने आहेत म्हणून हे शक्य आहे. हीच मुलगी आठ दिवस आधी आली असती तर मी लालीवर फाउंडेशनचा थर चढवण्यापलीकडे काहीच करू शकले नसते. कॅप्शनमधलं वाक्य इथेच मिळालं: ट्रायल लग्नाच्या किमान एक महिना आधी.

मग शेड. जबड्यापासून मानेकडे फाउंडेशनच्या तीन बारीक पट्ट्या ओढल्या आणि वीस मिनिटं काहीच केलं नाही. आईला वाटलं मी वेळ घालवते. पण फाउंडेशन लावल्यावर कातडीच्या तेलात मिसळून थोडं गडद होतं, काही तर केशरी मारतात. मधली पट्टी, जी आधी अगदी बरोबर वाटत होती, ती वीस मिनिटांत उठून दिसायला लागली. तिसरी मानेशी मिळून गेली. आईला आरसा दिला आणि एका गालावर तिसरी, दुसऱ्या गालावर दोन शेड उजळ असं लावून मुलीला बाहेर अंगणात उभं केलं. उजळ गाल राख फासल्यासारखा दिसत होता आणि मान वेगळी पडली होती. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हा सावळाच चांगला दिसते, ताई." यापेक्षा जास्त मला काही बोलावं लागलं नाही. कॅप्शनमध्ये गोरेपणाचं वचन द्यायचं नाही हे पक्कं. उलट "तुमच्याच रंगात" असं स्पष्ट लिहायचं.

नंतर दुकानातले दिवे घालवून फोनच्या फ्लॅशने फोटो काढला. डोळ्यांखाली दोन पांढरे डाग आले. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नव्हते. सिलिका असलेली बारीक पांढरी पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते, उन्हापासून बचावाच्या क्रीमनेही असं होतं. तिथली पावडर पुसून हलक्या पिवळसर रंगाची लावली, पुन्हा फोटो, डाग गेले. हे ट्रायलला कळलं नसतं तर थेट लग्नाचा अल्बम आल्यावर कळलं असतं.

मुंडावळ्याही बांधून पाहिल्या. आईला घरच्याच आणायला सांगितल्या होत्या. दोरा कपाळावर घासतो आणि दोन तासांत तिथला मेकअप रेघेसारखा निघतो. त्यामुळे दोऱ्याखाली अगदी पातळ थर ठेवायचा, आणि गाठ अंबाड्याच्या वर यावी म्हणून अंबाडा एक बोट खाली घ्यायचा. हे सगळं तिच्या पानावर लिहून ठेवलं, शेडच्या नंबरासकट.

शेवटी पापणीच्या गोंदाचा ठिपका कानामागे लावून दिला. दोन दिवस पाहा, खाज किंवा पुरळ आलं तर फोन करा म्हटलं. आणि चेहरा तसाच ठेवून घरी जा, संध्याकाळी सहाला उजेडात फोटो पाठव.

१० डिसेंबर

काल सहाला फोटो आला. सात तास झाले होते, त्यात एसटीचा प्रवास. कपाळ छान, गाल छान. नाकाच्या दोन्ही बाजूंना मेकअप चिरला होता आणि वरच्या ओठावर घामाने फाटला होता. तिथे थर जाड झाला होता, चूक माझी. लग्नात त्या दोन जागी निम्माच माल लावायचा आणि थर दाबून बसवायचे.

ट्रायलचे १,००० घ्यायचे आणि काम मिळालं तर ते बिलातून वजा करायचे असं ठरवलं. मात्र ट्रायलनंतर ७ दिवसांत तारीख पक्की केली तरच. मुदत नसली तर लोक दोन महिन्यांनी येऊन वजावट मागतात, तेव्हा ती तारीख माझ्याकडे उरलेली नसते.

११ डिसेंबर

तिचा फोन आला, गोंदाचं काही झालं नाही.

१५ डिसेंबर

आज ॲडव्हान्स. हाच भाग लिहायला सर्वात अवघड जातो आहे.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका घरून ३,००० ॲडव्हान्स घेतला होता. लग्नाच्या नऊ दिवस आधी नवरदेवाच्या आजोबांचं निधन झालं. सुतक लागलं, लग्न पुढे गेलं. मुलीचे वडील आले आणि म्हणाले, "ताई, पैसे वापस भेटन का नाई? आमी काई मोडलं नाई ना." मी म्हटलं ॲडव्हान्स परत होत नाही. तसं तेव्हा कुठेच लिहिलेलं नव्हतं, मी फक्त तोंडाने म्हटलं होतं आणि तेही बुकिंगच्या गडबडीत. ते काही न बोलता गेले. पुढच्या तारखेला त्यांनी दुसरीला बोलावलं. मला ते तीन हजार आजही खुपतात.

त्याच महिन्यात उलटही घडलं. एका घरच्यांनी पाच दिवस आधी कळवलं की शहरातून नातेवाईक मुलगी येऊन मेकअप करणार आहे. त्या तारखेला मी दोन कामं सोडली होती. त्यांनीही ॲडव्हान्स परत मागितला.

या दोन गोष्टी एका नियमात बसत नाहीत. म्हणून नियम पैशाच्या बाजूने न लिहिता तारखेच्या बाजूने लिहायला घेतला. ॲडव्हान्स कशासाठी असतो? ती तारीख मी दुसऱ्या कोणाला देत नाही, त्यासाठी. मग काम रद्द झालं तर ती तारीख मला पुन्हा भरता येते का, एवढंच पाहायचं. आमच्या भागात सोयरिक जुळल्यापासून दीड-दोन महिन्यांत लग्न लागतं. त्यामुळे ४५ दिवस आधी कळलं तर त्या तारखेला दुसरी नवरी मिळते, माझं काही बुडत नाही, पूर्ण ॲडव्हान्स परत द्यायला हवा. १५ दिवसांच्या आत कळलं तर पत्रिका वाटून झालेल्या असतात, सगळ्यांनी आपापली मेकअप करणारी ठरवलेली असते, तारीख रिकामी जाते. तेव्हा परत नाही. मधल्या दिवसांत निम्मा.

आणि घरात मृत्यू झाला तर हे काहीच लागू नाही. ॲडव्हान्स वर्षभर जमा राहील, पुढची तारीख मोकळी असेल ती मिळेल. मला जमली नाही तर पूर्ण परत.

माझी बाजूही लिहायची. मी आजारी पडले, येऊ शकले नाही, तर पूर्ण पैसे परत आणि दुसरी मेकअप करणारी शोधून देण्याची जबाबदारी माझी. हे न लिहिता फक्त समोरच्यावर अटी घालणं बरोबर नाही.

रक्कम ३,००० च ठेवली, साधारण तिसरा हिस्सा. याहून जास्त मागितली तर कपाशी घरात पडून असलेल्या माणसाला जड जातं. "चुकारा भेटला की देतो" हे मी दर वर्षी ऐकते आणि ते खरं असतं. त्यासाठी एक सोय: तोंडी सांगितल्यावर ३ दिवस तारीख राखून ठेवीन, त्यानंतर ॲडव्हान्स देईल त्याची. उरलेले पैसे लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. लग्नाच्या सकाळी मुलीच्या बापाच्या मागे मांडववाल्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळे असतात, तेव्हा त्यांना गाठून पैसे मागणं मला जमत नाही आणि त्यांनाही ते अपमानाचं वाटतं.

रोख दिले तर चिठ्ठी, त्यावर तारीख, गाव, मुहूर्त, रक्कम आणि दोघांच्या सह्या. फोनवरून पाठवले तर त्यात लग्नाची तारीख लिहायची.

१७ डिसेंबर

कच्चं कॅप्शन शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्यांच्या धाकटीचं यंदा आहे. मध्येच थांबवून म्हणाल्या, "हे नॉन-रिफंडेबल म्हंजे काय व?" मी सांगितलं. "मग तसंच लिव ना, पैसे वापस भेटत नाई म्हणून." बरोबर आहे. पैसे देणारी माणसं आई-बाप असतात, पोस्ट दाखवणारी मुलगी असते. वाक्य मुलीने आईला वाचून दाखवलं तरी कळलं पाहिजे.

"एचडी मेकअप" हेही काढलं. त्याच्यावरून दर वर्षी गोंधळ होतो, प्रत्येकीला त्यात वेगळं काही अपेक्षित असतं. त्याऐवजी काय होतं तेच लिहिलं: फोटोत पांढरं पडत नाही, ते ट्रायललाच तपासून देते. "बयाणा" लिहू का असं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या बयाणा बैलाचा नाहीतर वावराचा असतो, पोरीच्या लग्नात ॲडव्हान्सच म्हणतात. ॲडव्हान्स ठेवलं.

त्यांनी आणखी एक विचारलं, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. "तू लग्न लागेपर्यंत थांबतं का?" आमच्याकडे मुहूर्त साडेअकराचा असला तरी वरात नाचत नाचत येते आणि लग्न लागायला दोन वाजतात. मे महिन्यात मांडवात ४४ अंश असतं. नवरीच्या खोलीत कूलर लावलेला असतो, पण कूलरची हवा ओली असते, त्या हवेत घाम वाळत नाही आणि कुरळे केलेले केस सुटतात. तयार नवरी त्याच्यासमोर दोन तास बसली की मेकअप ढासळतो आणि तेव्हा मी घरी पोहोचलेली असते. थांबायचं ठरवलं. मुहूर्तानंतर एक तास दरातच, त्यापुढे तासाला ३००. आणि खोलीत पंखा हवा, कूलर असेल तर नवरीवर थेट नको.

२० डिसेंबर

आज लावलं. इन्स्टाग्रामवर "आणखी" दाबण्याआधी पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून गाव आणि दर तिथेच. फोटो ट्रायलवाल्या मुलीचा, तिला आणि आईला विचारून, कोणताही फिल्टर न लावता.

"नवरीचा मेकअप, दारव्हा आणि ४० किमीपर्यंतची गावं. लग्न ९,००० रुपये, हळद + लग्न १२,५००, साक्षगंध ५,०००.

यात मेकअप, केस, साडी नेसवणं, दागिने-मुंडावळ्या लावणं आणि पापण्या सगळं आलं. मुहूर्तानंतर एक तास मी थांबते, पुढे तासाला ३००. २० किमीपर्यंत येण्याचे वेगळे पैसे नाहीत, त्यापुढे ५००. सोबत आई-बहिणींचा मेकअप १,५०० प्रत्येकी, जास्तीत जास्त ३.

मेकअप तुमच्याच रंगात होईल, चेहरा आणि मान एक दिसेल.

ट्रायल १,००० रुपये, अडीच तास, लग्नाच्या किमान १ महिना आधी. येताना मुंडावळ्या आणि साडीचा फोटो आणा, चेहऱ्याला जे काही लावता ते सोबत आणा. ७ दिवसांत तारीख पक्की केली तर हे १,००० बिलातून वजा.

तारीख पक्की करायला ३,००० ॲडव्हान्स. तोंडी सांगितलं तर ३ दिवस तारीख राखते. बाकी पैसे लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत.

लग्न रद्द झालं किंवा बेत बदलला तर: ४५ दिवस आधी सांगितलं तर ॲडव्हान्स पूर्ण परत, १५ ते ४५ दिवसांत निम्मा परत, १५ दिवसांच्या आत परत मिळत नाही. घरात कोणी गेलं तर हा नियम नाही, पैसे वर्षभर जमा राहतील. मी येऊ शकले नाही तर पूर्ण परत, आणि दुसरी मेकअप करणारी मी पाहून देईन."

२८ डिसेंबर

आठ दिवसांत फोन कमी झाले. पण जे आले त्यांनी दर विचारला नाही, तारीख विचारली. दोन ट्रायल ठरल्या. एकीने विचारलं, मुहूर्त संध्याकाळचा असेल तर दर तोच का? तोच. कॅप्शनमध्ये घालायची गरज वाटली नाही.

पौषात लग्नं नसतात, तेवढ्या दिवसांत पेटीतला जुना माल काढून टाकायचा.

२१ फेब्रुवारी

कालचं लग्न. डिसेंबरमधली ट्रायलवालीच. हिशेब असा झाला: लग्नाचे ९,०००, अंतराचे ५००, आई आणि बहिणीचे ३,०००, मिळून १२,५००. त्यातून ट्रायलचे १,००० आणि ॲडव्हान्सचे ३,००० वजा. उरलेले ८,५०० वडिलांनी परवा संध्याकाळी पाठवले, मागावे लागले नाहीत.

घरून पावणेपाचला निघालो. पावणेसहाला आई आणि बहीण, सव्वासातनंतर नवरी. डॉक्टरच्या औषधाने तिचे गाल बरेच शांत झाले होते. पण खुर्चीवर बसली आणि मी थबकले. चेहरा पिवळा धम्मक. आदल्या दिवशीच्या हळदीत मैत्रिणींनी तोंडभर, केसांच्या मुळापर्यंत हळद चोळली होती आणि रात्री तिने साबणाने घासून काढायचा प्रयत्न केला होता. साबण लागला की हळद लालसर होते, त्यामुळे केसांच्या कडेला लालसर-पिवळी किनार. ट्रायलला ठरवलेली शेड या चेहऱ्यावर जुळणारच नव्हती.

हळदीचा रंग पाण्यात विरत नाही, तेलात विरतो. खोबरेल तेल हाताला लावून दोन मिनिटं हलकेच फिरवलं, ओल्या कापसाने टिपलं, असं तीनदा. तिची कातडी नाजूक म्हणून घासायचं नाही. मग तेलाचा अंश राहू नये म्हणून सौम्य फेसवॉश. तरी कपाळावर पिवळेपणा राहिला. तिथे फाउंडेशनच्या आधी जांभळट करेक्टर अगदी चिमूटभर. या सगळ्यात ३५ मिनिटं गेली. मदतनीस पोरीने तेवढ्यात केसांचा मागचा भाग उरकला म्हणून साडेदहाच्या आत तयार झाली. नाकाशी आणि ओठावर निम्मा थर, अंबाडा एक बोट खाली, पानावर लिहिल्याप्रमाणे. वरात सव्वाबाराला आली, लग्न पाऊणला लागलं. मुंडावळ्यांखालचं कपाळ शेवटपर्यंत राहिलं. फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली पांढरं नाही, फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात पाहून घेतलं. पाऊण वाजता मुहूर्तानंतरचा एक तास होऊन गेला होता, पण पाठवणीआधी दहा मिनिटं टचअप करून निघाले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

२२ फेब्रुवारी

कॅप्शनमध्ये ट्रायलच्या खाली एक ओळ वाढवली: "हळद लावण्याआधी चेहरा, मान आणि केसांच्या कडेला खोबरेल तेल लावा. हळद साबणाने घासू नका." पोस्ट बदलून झाल्यावर एप्रिलमध्ये लग्न असलेल्या दोन्ही मुलींना तीच ओळ फोनवर वेगळी पाठवली.